पुढचं पाकीट कोणाचं? छोट्या चाचणीतलं ब्लॉक रँडमायझेशन, कन्सीलमेंट आणि ब्लाइंडिंग

मंगळवारची ऑर्थोपेडिक ओपीडी. अठ्ठावन्न वर्षांच्या एक मावशी उजवा खांदा धरून आत येतात. हात मागे जात नाही, वेणी घालता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. फ्रोझन शोल्डर. रेसिडेंट डॉक्टरच्या थिसिसमध्ये नेमकी बसणारी केस. थिसिसमध्ये दोन गट आहेत: ‘अ’ गटाला सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि व्यायाम, ‘ब’ गटाला फक्त व्यायाम. एकूण ६० रुग्ण, १२ आठवड्यांनी मोजमाप. मावशींना मधुमेह आहे आणि साखर जरा वरच आहे. पुढचं पाकीट ‘अ’चं निघणार हे डॉक्टरला ठाऊक आहे. स्टेरॉइडने काही दिवस साखर चढते, हेही ठाऊक आहे. तो म्हणतो, “मावशी, आधी शुगर आटोक्यात आणा, पुढच्या महिन्यात या, मग बघू.”

हा प्रसंग मी समजावण्यासाठी रचला आहे, पण पीजी विद्यार्थ्यांच्या थिसिसची रजिस्टरं तपासताना याच जातीच्या नोंदी मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. डॉक्टरने लबाडी केलेली नाही, त्याने मावशींची काळजीच केली. पण मधुमेहींचा फ्रोझन शोल्डर जास्त हट्टी असतो, बरा व्हायला जास्त वेळ घेतो. अशा चार-पाच मावश्या ‘अ’च्या पाळीला परत गेल्या आणि ‘ब’च्या पाळीला मात्र घेतल्या गेल्या, की इंजेक्शनच्या गटात आपोआप सोपे खांदे जमतात. १२ आठवड्यांनी इंजेक्शन छान दिसतं. त्यातलं किती श्रेय औषधाचं आणि किती निवडीचं, हे नंतर कुठलंही गणित खात्रीने वेगळं करून देऊ शकत नाही.

डॉक्टरला पुढचं पाकीट कळलं कसं? पाकीट तर बंद होतं. त्याचं उत्तर ब्लॉकमध्ये आहे.

ब्लॉक कशासाठी

प्रत्येक रुग्णासाठी नाणं उडवलं तर ते शंभर टक्के यादृच्छिक असतं. हजार रुग्णांत गट जवळजवळ सारखे पडतातही. पण ६० रुग्णांत ३६ विरुद्ध २४ किंवा त्याहून वाईट विभागणी होण्याची शक्यता सुमारे १५ टक्के आहे. म्हणजे साधारण दर सहा-सात थिसिसमागे एकात हे होणार. शिवाय थिसिसचं एक खास दुखणं असतं. ६० ठरवलेले असतात आणि मुदत संपते तेव्हा हातात ४७ असतात. कुठे थांबावं लागेल हे आधी माहीत नसतं, म्हणून कुठेही थांबलं तरी गट जवळजवळ सारखे राहतील अशी यादी हवी असते.

ब्लॉक तेच करतो. चारचा ब्लॉक म्हणजे दर चार रुग्णांत दोन ‘अ’ आणि दोन ‘ब’, फक्त त्यांचा क्रम यादृच्छिक. असे क्रम सहाच होतात: अअबब, अबअब, अबबअ, बबअअ, बअबअ, बअअब. यातला एक उचलायचा, मग पुन्हा सहांतून एक, असं करत यादी पुरी करायची. कुठल्याही क्षणी थांबलात तरी दोन गटांत दोनपेक्षा जास्त फरक पडत नाही.

किंमत इथेच मोजावी लागते. ब्लॉक चारचा आहे हे माहीत असेल आणि कोणाला इंजेक्शन मिळालं हे डोळ्यांनी दिसत असेल, तर चौथा रुग्ण नेहमीच ओळखता येतो. पहिले दोन सारखे निघाले, तर तिसराही कळतो. सहांपैकी दोन क्रमांत असं होतं. हिशेब मांडला तर दर ब्लॉकमध्ये सरासरी सव्वा-दीड रुग्णाचा गट आधीच पक्का ठाऊक असतो. ६० रुग्णांत, म्हणजे १५ ब्लॉकमध्ये, असे २० रुग्ण होतात. प्रत्येक तिसरा. शिवाय ‘आतापर्यंत ज्याचे कमी झाले तोच आता येईल’ एवढा साधा अंदाज बांधला तरी ६० पैकी सरासरी ४२-४३ वेळा तो बरोबर येतो. नाणं उडवलं असतं तर हा आकडा ३० असता.

आपल्या डॉक्टरला आदल्या दोन रुग्णांना फक्त व्यायाम मिळाल्याचं आठवत होतं. ब, ब. मग उरले अ, अ. पाकीट न फोडताच कळलं.

कन्सीलमेंट वेगळं, ब्लाइंडिंग वेगळं

बहुतेक नवख्यांची गल्लत इथे होते. ‘चाचणीत ब्लाइंडिंग शक्य नव्हतं, म्हणून कन्सीलमेंट लागू नाही’ हे वाक्य मी कितीतरी सिनॉप्सिसमध्ये खोडलं आहे.

एका रुग्णाचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. तो ओपीडीत येतो, निकषांत बसतो की नाही ते पाहिलं जातं, संमती घेतली जाते, गट ठरतो, उपचार होतात, शेवटी मोजमाप होतं. गट ठरण्याच्या क्षणावर एक रेघ मारा. रेघेच्या अलीकडे कन्सीलमेंटचं राज्य आहे: या रुग्णाला घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला पुढचा गट कळता कामा नये. रेघ ओलांडली की कन्सीलमेंटचं काम संपलं. तिथून पुढे ब्लाइंडिंग सुरू होतं: गट ठरल्यानंतर रुग्णाला, उपचार करणाऱ्याला, मोजमाप घेणाऱ्याला तो कळू द्यायचा की नाही.

पहिल्याने निवडीतला पक्षपात थांबतो, दुसऱ्याने वागणुकीतला आणि मोजमापातला. आणि महत्त्वाचा फरक असा की ब्लाइंडिंग पुष्कळदा अशक्य असतं. इंजेक्शन टोचलं की रुग्णाला कळणारच. कन्सीलमेंट मात्र कुठल्याही चाचणीत शक्य असतं, कारण तिथे लपवायचं असतं ते अजून न घडलेलं वाटप.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण जुनंच आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी, १९४८ साली प्रसिद्ध झालेली. फुप्फुसाच्या क्षयाचे १०७ रुग्ण; ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि अंथरुणात विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. त्याआधी ‘एक याला, एक त्याला’ अशी आलटून-पालटून वाटणी करण्याची पद्धत रूढ होती. तिच्यात पुढचा नंबर कोणाचा हे सगळ्यांना दिसत असे. इथे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक अंकांवरून प्रत्येक रुग्णालयासाठी, पुरुष आणि स्त्रियांसाठी वेगळी यादी केली. ती बंद पाकिटांत ठेवली, आणि पाकिटावर फक्त रुग्णालयाचं नाव आणि क्रमांक. रुग्ण चाचणीत घ्यायचा असं समितीने पक्कं केलं की मगच मध्यवर्ती कार्यालयात त्याच्या क्रमांकाचं पाकीट उघडलं जाई.

ब्लाइंडिंग? विश्रांतीच्या गटाला खोटी इंजेक्शनं दिली नव्हती. दिवसाला चार-चार इंजेक्शनं महिनोन्‌महिने टोचत राहणं त्यांना योग्य वाटलं नाही. त्यामुळे कोणाला औषध मिळतंय हे वॉर्डात उघड होतं. पण एक्स-रे वाचणारे तज्ज्ञ वेगळे होते आणि कोणती फिल्म कोणत्या गटाची हे त्यांना सांगितलं जात नव्हतं. म्हणजे कन्सीलमेंट पूर्ण, ब्लाइंडिंग फक्त एक्स-रेपुरतं. छोट्या थिसिससमोर ठेवायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

१९९५ साली केनेथ शुल्झ आणि सहकाऱ्यांनी २५० चाचण्या तपासल्या. ज्यांत कन्सीलमेंट अपुरं होतं, त्यांनी उपचाराचा परिणाम ऑड्स रेशोच्या मापाने सरासरी ४१ टक्के फुगवलेला दिसला. डबल-ब्लाइंड नसलेल्यांत हा फुगवटा १७ टक्के होता. नंतरच्या अभ्यासांत असं आढळलं की मृत्यूसारख्या वस्तुनिष्ठ निष्कर्षांत फुगवटा नगण्य असतो आणि वेदनेसारख्या सांगण्यावर अवलंबून असलेल्या निष्कर्षांत तो ठळक असतो. फ्रोझन शोल्डर दुसऱ्या जातीचा आहे, हे लक्षात ठेवा.

आता प्रत्यक्ष कृती

*पहिली पायरी: यादी कोण करणार ते ठरवा.* रुग्ण घेणारा रेसिडेंट नाही. गाइडही नाही, कारण बहुतेक वेळा तोच ओपीडीत बसलेला असतो. दुसऱ्या विभागातला एखादा सहकारी, पीएसएम विभागातला संख्याशास्त्रज्ञ किंवा फार्मसीतली विश्वासू व्यक्ती चालेल. या लेखात मी त्यांना ‘यादीधारक’ म्हणतो. यादीधारकाने या चाचणीतल्या एकाही रुग्णाला घ्यायचं नाही की मोजायचं नाही, एवढी एकच अट आहे.

*दुसरी पायरी: स्तर ठरवा, पण हात आखडता ठेवा.* आपल्या चाचणीत निकालावर सर्वांत जास्त परिणाम करणारी आधीची गोष्ट मधुमेह आहे. म्हणून मधुमेहींसाठी एक यादी, इतरांसाठी दुसरी. वय, लिंग, दुखण्याचा कालावधी असं सगळंच घालायचा मोह होतो. ६० रुग्णांत तीन गोष्टींचे आठ स्तर केले तर एकेका स्तरात सात-आठच रुग्ण येतात, कित्येक ब्लॉक अर्धवट राहतात, आणि ज्या समतोलासाठी खटाटोप केला तोच जातो. ६० रुग्णांना एक गोष्ट पुरे.

*तिसरी पायरी: ब्लॉकचा आकार बदलता ठेवा.* काही ब्लॉक चारचे, काही सहाचे, आणि कुठला कुठे येईल हेही यादृच्छिक. असं केलं की ‘ब, ब’ झाल्यावर पुढे ‘अ, अ’ येणार हे खात्रीने सांगता येत नाही. अंदाजाची धार बोथट होते. पूर्ण जात नाही, हे मी मुद्दाम सांगतो: ब्लॉकची सुरुवात कुठे हे ज्याला कळलं आणि ओळीने तीन ‘अ’ दिसले, त्याला पुढचे तीन ‘ब’ कळणारच. दोनचा ब्लॉक मात्र कधीही वापरू नका. त्यात निम्मे रुग्ण आधीच कळतात.

आर या मोफत प्रणालीत यादी अशी निघते:

```r
yadi <- function(n, seed) {
  set.seed(seed)
  g <- c()
  while (length(g) < n) {
    k <- sample(c(4, 6), 1)
    g <- c(g, sample(rep(c("A", "B"), k / 2)))
  }
  data.frame(no = seq_along(g), gat = g)
}
write.csv(yadi(40, 58213), "madhumeh.csv", row.names = FALSE)
write.csv(yadi(40, 90746), "itar.csv", row.names = FALSE)
```

`A` म्हणजे आपला ‘अ’, `B` म्हणजे ‘ब’. मधुमेही किती येतील ते माहीत नाही, म्हणून दोन्ही याद्या चाळीसच्या केल्या. उरलेली पाकिटं वाया गेली तरी हरकत नाही. शेवटचा ब्लॉक पुरा करताना यादी चाळीसच्या दोन-चार पुढे जाऊ शकते, ती कापू नका. `seed` चा आकडा यादीधारकाने स्वतः निवडायचा आणि कोणाला सांगायचा नाही. तो आकडा आणि हा कोड ज्याच्याकडे आहे त्याला अख्खी यादी दोन सेकंदांत परत काढता येते. इथे दिलेले आकडे वापरू नका, आणि १२३ तर मुळीच नको. कुतूहल म्हणून कोणीही पहिला तोच टाकून पाहील.

ब्लॉकचे आकार सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. सिनॉप्सिस विभागात दहा जण वाचतात. औषध चाचण्यांच्या संख्याशास्त्राबद्दलचं १९९८ चं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन, आयसीएच ई-९, हेच सांगतं: ब्लॉकच्या लांबीसारखा तपशील प्रोटोकॉलमध्ये नको. ‘बदलत्या आकाराचे ब्लॉक वापरले जातील, आकार स्वतंत्र दस्तऐवजात नोंदलेले आहेत’ एवढं लिहा आणि तो दस्तऐवज यादीधारकाकडून थेट एथिक्स कमिटीकडे बंद लखोट्यात जाऊ द्या. प्रबंध लिहिताना सगळं उघड करायचंच आहे.

*चौथी पायरी: पाकिटं.* मी स्वतः रेसिडेंट असताना पांढऱ्या पातळ पाकिटांत चिठ्ठ्या घातल्या होत्या. एका रात्री वॉर्डात ट्यूबलाइटखाली पाकीट हातात घेतलं आणि आतलं अक्षर स्पष्ट वाचता आलं. पाकिटं मीच भरली होती, मीच फोडणार होतो, आणि तोवर २२ रुग्ण झालेले होते. ते २२ मी थिसिसमध्ये ठेवले आणि काय घडलं ते लिहिलं, पण त्या आकड्यांवर माझा आजही विश्वास नाही.

म्हणून जाड खाकी पाकीट घ्या. चिठ्ठी दोन्ही गटांसाठी एकाच कागदाची, एकाच मापाची. तिच्यावर गट आणि पाकिटाचा क्रमांक. तिची दोनदा घडी घाला, वर कार्बन पेपरचा तुकडा ठेवा आणि दोन्ही मिळून स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये एकदा गुंडाळा. फॉइलमुळे उजेड पलीकडे जात नाही. कार्बनमुळे बाहेर बॉलपेनने लिहिलेलं आतल्या चिठ्ठीवर उमटतं, त्याचा उपयोग पुढे सांगतो. कार्बनची काळी बाजू चिठ्ठीकडे आहे ना, हे एका जादा पाकिटावर करून पाहा. पाकीट डिंकाने बंद करा, जोडावर यादीधारकाची सही घ्या आणि तिच्यावर सेलोटेप चिकटवा. बाहेर ‘म-०१, म-०२’ असे मधुमेहींचे आणि ‘इ-०१, इ-०२’ असे इतरांचे क्रमांक. मग दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च मागे लावून एकेक पाकीट पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

उजेडात पाकीट पाहणं हा माझ्याच मूर्खपणाचा किस्सा नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत अपेंडिक्सची उघडी शस्त्रक्रिया आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची तुलना चालू होती. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला वरिष्ठ सर्जनला बोलवावं लागे, उघडीला नाही. रात्री साहेबांना उठवायचं जिवावर येई. मग काही कनिष्ठ डॉक्टर पाकिटं उजेडापुढे धरत, ‘उघडी’ असलेलं सापडलं की तेच फोडत, आणि मागे टाकलेलं दुर्बिणीचं पाकीट सकाळच्या पहिल्या रुग्णाच्या वाट्याला येई. रात्री येणारे रुग्ण जास्त आजारी असतील, तर उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात तेच साठणार.

*पाचवी पायरी: क्रम मोडू नका.* निकष तपासा. लेखी संमती घ्या. खांद्याच्या हालचालीची आणि वेदनेची सुरुवातीची मोजमापं घ्या. रुग्णाचं नाव, केसपेपर नंबर, तारीख आणि वेळ रजिस्टरमध्ये शाईने लिहा. आता रुग्ण तुमचा झाला. इथून तो परत पाठवता येत नाही. मग त्या स्तराचं पुढचंच पाकीट घ्या, न फोडता त्यावर बॉलपेनने दाबून नाव, तारीख, वेळ आणि तुमची सही करा. कार्बनमुळे हे सगळं आतल्या चिठ्ठीवर उमटेल. आणि मगच फोडा. चिठ्ठी रजिस्टरला चिकटवा. ज्या चिठ्ठीवर छाप नाही, ते पाकीट नाव लिहिण्याआधी फोडलेलं आहे असं समजायचं.

आता आपल्या मावशींकडे परत या. साखर फार वर असलेल्या रुग्णाला स्टेरॉइड देणं डॉक्टरला खरंच धोक्याचं वाटत असेल, तर त्याचा निर्णय पाकिटाच्या वेळी नव्हे, प्रोटोकॉल लिहिताना घ्यायचा असतो. एचबीएवनसी ठरावीक आकड्याच्या वर असेल तर रुग्ण चाचणीतच नको, मग पुढे ‘अ’ निघो की ‘ब’. तो आकडा गाइडने आणि मेडिसिन विभागाने मिळून ठरवावा. काळजी तीच राहते, फक्त ती दोन्ही गटांना सारखी लागू होते.

पाकिटं नकोशी वाटत असतील तर फोन हा उत्तम पर्याय आहे. रुग्ण नोंदला की रेसिडेंट यादीधारकाला क्रमांक, स्तर आणि संमतीची वेळ मेसेजने पाठवतो. यादीधारक ते नोंदवून मगच गट कळवतो. वेळेची नोंद आपोआप राहते. संस्थेत रेडकॅप ही संशोधनाच्या नोंदी ठेवणारी संगणक प्रणाली असेल तर तिच्यातही हीच सोय आहे. अडचण एकच, यादीधारकाने ओपीडीच्या वेळात फोन उचलायला हवा.

आणि ‘लॉटरी पद्धत’? थिसिसमध्ये हा शब्द फार दिसतो. वाडग्यात चिठ्ठ्या आणि रुग्णाला एक उचलायला सांगायचं. नको असलेली चिठ्ठी परत टाकून दुसरी काढली का, हे तपासायचा कुठलाही मार्ग त्यात नाही. सम-विषम केसपेपर नंबर आणि ‘सोमवारचे अ, गुरुवारचे ब’ या पद्धती त्याहून वाईट, कारण तिथे यादृच्छिकही काही नाही आणि लपवलेलंही काही नाही.

जमेल तेवढं ब्लाइंडिंग

पाकीट फुटलं, कन्सीलमेंटचं काम झालं. आपल्या चाचणीत रुग्णाला आणि इंजेक्शन देणाऱ्याला गट कळणार, त्याला इलाज नाही. पण १२ आठवड्यांनी गोनिओमीटर लावून हात बाहेर किती अंश वळतो हे मोजणारा फिजिओथेरपिस्ट वेगळा ठेवता येतो. त्याला गट सांगायचा नाही. रुग्णांनाही आधी बजावायचं, “मोजायला येतील त्यांना सुई घेतली की नाही ते सांगू नका.” त्याच आठवड्यात मोजमाप असेल तर दोन्ही गटांच्या खांद्यावर एकाच जागी छोटी चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे टोचल्याची खूण दिसत नाही.

वेदनेचा आकडा मात्र रुग्ण स्वतः सांगतो, आणि त्याला आपला गट माहीत आहे. ज्याला सुई मिळाली तो थोडी जास्त सुधारणा सांगेल, ज्याला फक्त व्यायाम मिळाला तो थोडा नाराज असेल. ही उणीव कन्सीलमेंट कितीही कडक केलं तरी भरून निघत नाही. म्हणून मी अशा चाचणीत हालचालीचे अंश हा मुख्य निष्कर्ष धरतो आणि वेदना दुय्यम.

उलटा प्रकारही होतो. दोन सारख्या दिसणाऱ्या गोळ्यांची डबल-ब्लाइंड चाचणी, पण यादी रेसिडेंटच्याच टेबलच्या खणात. कागदावर ब्लाइंडिंग आहे, कन्सीलमेंट शून्य, आणि यादी एकदा पाहिली की ब्लाइंडिंगही गेलंच.

फुटलं आहे हे कसं ओळखायचं

रुग्ण १५-२० झाले की यादीधारकाने एकदा रजिस्टर पाहावं. पाकिटांचे क्रमांक आणि तारखा एकाच क्रमाने चढत आहेत का? इ-०९ सोळा तारखेला आणि इ-०८ एकोणीस तारखेला फुटलं असेल तर विचारायला हवं. संमतीची वेळ पाकिटाच्या वेळेआधीची आहे का? सगळ्या नोंदी एकाच पेनने, एकाच दिवशी लिहिल्यासारख्या दिसतात का?

सर्वांत बोलकं असतं ते स्क्रीनिंग रजिस्टर. निकषांत बसूनही न घेतलेल्या प्रत्येक रुग्णाची तारीख आणि कारण त्यात हवं. यादीधारक त्या तारखांपुढे ‘त्या वेळी पुढचं पाकीट कोणतं होतं’ ते लिहितो. परत पाठवलेले मधुमेही बहुतेक ‘अ’च्या पाळीचे निघाले, तर मावशींची गोष्ट घडली आहे. ही तुलना यादीधारकाने एकट्याने करायची, आणि रेसिडेंटला पुढची यादी कळेल असं काहीही बोलायचं नाही. गळती दिसली तर उरलेल्या रुग्णांसाठी नवी यादी आणि फोनची पद्धत सुरू करा, एथिक्स कमिटीला कळवा, आणि बदलाची तारीख प्रबंधात द्या.

चुकून भलत्याच स्तराचं पाकीट फुटलं, किंवा ‘अ’ निघालेल्या रुग्णाने इंजेक्शन नाकारलं, तर पाकीट पुढच्याला देऊ नका. जो गट निघाला त्यातच तो रुग्ण मोजायचा, आणि काय झालं ते रजिस्टरमध्ये लिहायचं.

नोंदणी आणि प्रबंधात

पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, नोंदणी करताना तीन वेगळे रकाने भरावे लागतात: यादृच्छिक क्रम कसा काढला, कन्सीलमेंट कसं केलं, ब्लाइंडिंग कोणाचं होतं. तिन्हींची उत्तरं वेगळी असतात. कन्सीलमेंटच्या रकान्यात ‘ओपन लेबल’ लिहू नका. ते ब्लाइंडिंगच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आपल्या चाचणीपुरता प्रबंधातला मजकूर असा होईल: “मधुमेह आहे आणि नाही अशा दोन स्तरांसाठी चार आणि सहा आकाराच्या यादृच्छिक ब्लॉकच्या याद्या संगणकावर काढण्यात आल्या. रुग्णनिवडीशी संबंध नसलेल्या व्यक्तीने त्या तयार करून क्रमांकित, अपारदर्शक, बंद पाकिटांत ठेवल्या. संमती, सुरुवातीची मोजमापं आणि रजिस्टरमधील नोंद पूर्ण झाल्यावर, पाकिटावर रुग्णाचं नाव लिहून मगच पाकीट उघडण्यात आलं. रुग्ण आणि उपचार करणाऱ्यांना गट माहीत होता. हालचालीचं मोजमाप घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टला तो माहीत नव्हता.”

व्हायव्हामध्ये परीक्षक विचारतील, “पाकिटं कोणी भरली, आणि ती रात्री कुठे ठेवली होती?” सोबत रजिस्टर आणि छाप उमटलेल्या चिठ्ठ्या घेऊन जा.